अ‍ॅनेक्शरची बेरीज रुपयाला रुपया कशी जुळवायची: सात लाखांच्या पॅकेजचा पूर्ण तक्ता

ऑफर लेटरमध्ये ‘वार्षिक पॅकेज ₹७,००,०००’ असं लिहिलेलं असतं आणि मागच्या पानावर अ‍ॅनेक्शर जोडलेलं असतं. उमेदवार पहिलं पान एकदा वाचतो, मागचं मात्र चारदा. घरी गेल्यावर कुणीतरी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडतं आणि बेसिक, एचआरए, भत्ते अशी एकेक ओळ मिळवत जातं. तेवढ्यात फोन येतो: “सर, बेरीज एक रुपयाने जास्त येतेय. टायपिंगची चूक आहे का?”

टायपिंगची चूक नसते. सात लाखांना बारांनी भागलं की ५८,३३३.३३ येतात, आणि बहुतेक अ‍ॅनेक्शर याच आकड्यापासून सुरू होतात. बेसिक निम्मं, म्हणजे २९,१६६.६७. एचआरए बेसिकच्या ४० टक्के, ११,६६६.६७. पीएफ १,८००. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी १,४०२.९२. मेडिक्लेमचा वार्षिक हप्ता ७,६७० धरला तर महिन्याचे ६३९.१७. उरलेले १३,६५७.९० स्पेशल अलाउन्समध्ये. एक्सेलमध्ये ही बेरीज बरोबर येते. पण तक्ता छापताना आपण दशांश लपवतो आणि कागदावर २९,१६७, ११,६६७, १,८००, १,४०३, ६३९ आणि १३,६५८ उमटतात. खाली एकूण ५८,३३३ छापलेलं असतं, पण वरचे सहा आकडे हाताने मिळवले तर ५८,३३४ भरतात. त्याला बारांनी गुणलं की ७,००,००८. पहिल्या पानावर सात लाख, मागच्या पानावर सात लाख आठ.

आठ रुपयांनी कुणाचं काही बिघडत नाही हे खरं. पण ज्या कागदावर माणूस सही करून जुनी नोकरी सोडणार आहे, त्यातली बेरीजच चुकत असेल तर बाकीच्या अटींवर त्याने विश्वास का ठेवावा? शिवाय हेच आकडे पुढे पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये चढतात. तिथे एक रुपयाचा फरक दर महिन्याला डोकं वर काढतो, आणि वर्षाअखेरीस हिशेब जुळवणाऱ्याची दुपार त्यात जाते.

आधी ओळींची वर्गवारी

दुरुस्ती आकड्यांपासून नाही, ओळींपासून करायची. पॅकेजमधल्या प्रत्येक रकमेला एकच प्रश्न विचारायचा: हे पैसे दर महिन्याला हलतात का?

बेसिक, एचआरए आणि स्पेशल अलाउन्स दर महिन्याला कर्मचाऱ्याच्या खात्यात जमा होतात. हा ‘अ’ भाग. कंपनीचा पीएफचा वाटाही दर महिन्यालाच जातो, फक्त तो पीएफच्या खात्यात जातो. हा ‘ब’. ग्रॅच्युइटी आणि मेडिक्लेमचा हप्ता मात्र महिन्याला कुणालाच मिळत नाहीत. हप्ता वर्षातून एकदा विमा कंपनीला जातो आणि ग्रॅच्युइटी ही नोकरी सुटताना द्यायच्या रकमेची नुसती तरतूद असते. हा ‘क’. कामगिरीवर अवलंबून असलेली वार्षिक रक्कम पॅकेजमध्ये धरली असेल तर तिची जागाही ‘क’मध्येच.

‘क’मधल्या ओळींना मासिक रकाना द्यायचा नाही. तिथे फक्त आडवी रेघ. बहुतेक तक्ते नेमके इथेच फसतात, कारण ७,६७० चे ६३९.१७ करून ते मासिक रकान्यात बसवले जातात. मासिक रकान्यातला आकडा वाचणारा तो ‘दरमहा’ म्हणूनच वाचणार, त्याचा दोष नाही.

भागाकाराची खोच

‘अ’ आणि ‘ब’मधली प्रत्येक मासिक रक्कम पूर्ण रुपयांत ठेवली, तर तिची वार्षिक रक्कम बाराच्या पटीतच येणार. अशा कितीही ओळी मिळवल्या तरी बेरीज बाराच्या पटीतच राहते. ७,००,००० मात्र बाराच्या पटीत नाहीत; बारांनी भागल्यावर बाकी ४ उरते. म्हणजे नुसत्या मासिक ओळींनी सात लाख कधीच पुरे होणार नाहीत, कितीही खटपट केली तरी. ती बाकी वार्षिक ओळींनीच भरून काढायला हवी.

म्हणून हिशेब उलट्या दिशेने करायचा. पॅकेज भागिले बारा असं न करता, पॅकेजमधून आधी वार्षिक ओळी वजा करायच्या, उरलेल्याला बारांनी भागायचं, येणारा पूर्णांक घ्यायचा आणि जी काही रुपयांची बाकी राहील ती एका वार्षिक ओळीत परत टाकायची. पॅकेज बाराच्या पटीतलं, म्हणजे ६ लाख किंवा ७,२०,००० असलं, तरी ही पद्धत सोडू नये. मेडिक्लेमचा हप्ता बाराच्या पटीत येईलच याची खात्री कोण देणार?

सात लाखांचं उदाहरण, ओळीओळीने

पुण्यातली एक कंपनी धरू. उमेदवाराला सात लाख कबूल झाले आहेत आणि पीएफ कायद्याच्या मर्यादेपुरताच भरायचा असं कंपनीचं धोरण आहे.

*बेसिक.* २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहितेतल्या व्याख्येप्रमाणे एचआरए, प्रवास भत्ता, कंपनीचा पीएफ वाटा अशा वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाल्या, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. ही भानगड टाळायची सोपी वाट म्हणजे बेसिक पॅकेजच्या निम्म्याहून जरासं वर ठेवणं. निम्मं म्हणजे महिन्याला २९,१६६.६७. ते वरच्या शंभरात नेलं की २९,२००. वर्षाचे ३,५०,४००. बेसिक असं शंभराच्या पटीत ठेवलं की पुढची सगळी टक्केवारी सुटसुटीत येते.

*एचआरए.* बेसिकच्या ४० टक्के, ११,६८०. वर्षाचे १,४०,१६०. नव्या करप्रणालीत एचआरएची सूट मिळत नाही, त्यामुळे ही ओळ कमी-जास्त केल्याने फरक पडतो तो जुनी प्रणाली निवडणाऱ्यालाच.

*पीएफ.* मर्यादा १५,००० रुपये वेतनाची, त्याच्या १२ टक्के म्हणजे १,८००. वर्षाचे २१,६००. काही कंपन्या पूर्ण बेसिकवर पीएफ भरतात. तसं असेल तर हीच ओळ ३,५०४ होईल आणि स्पेशल अलाउन्स तेवढाच, म्हणजे १,७०४ रुपयांनी घटेल. दोन्ही चालतं, पण कुठलं धरलं ते तक्त्याखाली लिहिलंच पाहिजे. कंपनी पीएफवर अर्धा टक्का प्रशासकीय खर्च आणि अर्धा टक्का विम्यासाठीही भरते. १५,००० वर ते महिन्याचे दीडशे होतात. माझ्या मते हा खर्च उमेदवाराच्या पॅकेजमध्ये घालू नये. घालायचाच असेल तर त्याला स्वतःची ओळ द्यावी. पीएफच्या ओळीत गुपचूप १,९५० लिहिणं बरं नाही.

*मेडिक्लेम.* विमा कंपनीच्या कोटेशनप्रमाणे करासह वर्षाचे ७,६७०. जसा आकडा तसाच लिहायचा.

*ग्रॅच्युइटी.* वर्षाला पंधरा दिवसांचं वेतन, महिना सव्वीस दिवसांचा धरून. म्हणजे २९,२०० गुणिले १५ भागिले २६, येतात १६,८४६.१५. प्रचलित ४.८१ टक्के लावले तर १६,८५४ येतात. तो आकडा मूळ अपूर्णांकाचं, म्हणजे ४.८०७६… चं, वर ढकललेलं रूप आहे. आठ रुपयांचा हा दुसरा फरक तिथून येतो. सूत्र हाताशी असताना टक्केवारी वापरण्याची गरज नाही. आत्तापुरते १६,८४६ धरू.

आता वजाबाकी. ७,००,००० मधून ७,६७० आणि १६,८४६ गेले की ६,७५,४८४ उरतात. बारांनी भागलं की ५६,२९० आणि बाकी ४ रुपये. म्हणजे दर महिन्याला हलणाऱ्या सगळ्या ओळींची बेरीज ५६,२९० झाली पाहिजे. त्यातून बेसिक, एचआरए आणि पीएफ, म्हणजे ४२,६८० वजा केले की स्पेशल अलाउन्स १३,६१०. ही ओळ कधीही टक्क्यांनी काढायची नाही. ती कायम उरलेल्या रकमेचीच असते.

राहिले ते चार रुपये. पीएफच्या ओळीत ते टाकता येत नाहीत, ती कायद्याने ठरलेली रक्कम आहे. मेडिक्लेममध्येही नाही, तिथे बिल आहे. ग्रॅच्युइटी ही तरतूद आहे, अंदाज आहे. ती चार रुपयांनी वाढली तर कुणाचा हक्क कमी होत नाही. म्हणून १६,८४६ चे १६,८५० करायचे. दिशा महत्त्वाची आहे: जुळवाजुळव वरच न्यायची, सूत्राच्या खाली आणायची नाही. भागाकारात आपण पूर्णांक खालचा घेतो तो याचसाठी, बाकी नेहमी अधिकच उरते. जिथे वार्षिक प्रोत्साहन रक्कम आहे तिथे बाकी त्या ओळीत टाकणं अधिक साफ, कारण ती रक्कम कंपनीच ठरवते.

| ओळ | मासिक (₹) | वार्षिक (₹) |
|---|---:|---:|
| बेसिक | २९,२०० | ३,५०,४०० |
| एचआरए | ११,६८० | १,४०,१६० |
| स्पेशल अलाउन्स | १३,६१० | १,६३,३२० |
| अ. मासिक ग्रॉस पगार | ५४,४९० | ६,५३,८८० |
| ब. कंपनीचा पीएफ वाटा | १,८०० | २१,६०० |
| अ + ब | ५६,२९० | ६,७५,४८० |
| ग्रॅच्युइटीची तरतूद | – | १६,८५० |
| मेडिक्लेमचा हप्ता | – | ७,६७० |
| क. वार्षिक बाबी | – | २४,५२० |
| एकूण पॅकेज (अ + ब + क) | – | ७,००,००० |

तक्ता दोन्ही दिशांनी तपासायचा. आडवा: प्रत्येक मासिक आकडा गुणिले बारा म्हणजे शेजारचा वार्षिक आकडा, एकाही रुपयाचा अपवाद नाही. उभा: ६,५३,८८० अधिक २१,६०० अधिक २४,५२० म्हणजे बरोबर ७,००,०००. शेवटच्या ओळीत मासिक रकाना रिकामा आहे हे मुद्दामच. तिथे ५८,३३३ लिहिण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तो आकडा कुणाच्याच खात्यात कधी जाणार नसतो.

एक्सेलमध्ये हे कसं बसवायचं

खालची सूत्रं B रकान्यात ओळीने भरायची. पॅकेज B1 मध्ये आणि मेडिक्लेमचा हप्ता B6 मध्ये हाताने लिहायचा, बाकी सगळं आपोआप येतं.

```
B1  700000
B2  =CEILING(B1*50%/12,100)
B3  =ROUND(B2*40%,0)
B4  =ROUND(MIN(B2,15000)*12%,0)
B5  =ROUND(B2*15/26,0)
B6  7670
B7  =INT((B1-B5-B6)/12)
B8  =B7-B2-B3-B4
B9  =B1-B6-B7*12
B10 =(B2+B3+B8+B4)*12+B9+B6-B1
```

B2 बेसिक, B3 एचआरए, B4 पीएफ, B5 सूत्राने आलेली ग्रॅच्युइटी, B7 मासिक बेरीज, B8 स्पेशल अलाउन्स आणि B9 तक्त्यात छापायची ग्रॅच्युइटी. B10 शून्य असलाच पाहिजे. आपण सूत्रंच तशी बांधली आहेत, त्यामुळे तो शून्य येणार हे उघड आहे. पण उद्या कुणी घाईत B8 वर हाताने १३,६०० टाइप केलं, तर B10 लगेच −१२० दाखवेल. त्याचं काम तेवढंच.

इथे खरी मेख ROUND आणि INT मध्ये आहे. सेलच्या फॉरमॅटमधून दशांश काढले तर ते फक्त दिसेनासे होतात, आत तसेच राहतात आणि बेरजेत मिसळतात. सुरुवातीच्या तक्त्यात ५८,३३३ आणि ५८,३३४ चा घोळ झाला तो यामुळेच. शंका आली तर सेलवर क्लिक न करता फॉरमॅट दोन दशांशांपर्यंत वाढवून बघावं. कुठेही .०० सोडून दुसरं काही दिसलं, की ती ओळ गोल केलेली नाही.

स्पेशल अलाउन्स उणे आला तर

छोट्या पॅकेजमध्ये, किंवा वार्षिक बाबी जास्त असल्या की B8 उणे येतो. अशा वेळी बेसिकला हात लावायचा नाही, कारण निम्म्याची अट आणि किमान वेतन दोन्ही तिथेच बसतात. एचआरएची टक्केवारी कमी करायची.

पगार २१,००० च्या आत असेल तर मात्र हिशेब फिरतो, कारण ईएसआय लागू होतं आणि कंपनीला ग्रॉस पगाराच्या ३.२५ टक्के भरावे लागतात. स्पेशल अलाउन्स ठरल्याशिवाय ग्रॉस ठरत नाही आणि ग्रॉस ठरल्याशिवाय ईएसआय. लोक इथे अंदाजाने आकडे पुढेमागे करत बसतात. त्याची गरज नाही. समजा पीएफ वगैरे वजा जाता ग्रॉस आणि ईएसआय मिळून महिन्याला १८,००० उरले आहेत. त्यांना १.०३२५ ने भागायचं: १७,४३३.४१. ग्रॉस १७,४३३ घ्यायचा, ईएसआय ५६६.५७ येतो, तो पुढच्या रुपयात नेला की ५६७. बेरीज १८,०००. या पगारगटात बोनस कायद्याची रक्कम पॅकेजमध्ये धरली असेल तर ती ‘क’मध्ये जाते. आणि वेतन १५,००० च्या आत असेल तर पीएफ नुसत्या बेसिकवर काढून चालत नाही. सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ताही पीएफच्या हिशेबात येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. आपल्या सात लाखांच्या उदाहरणात बेसिकच मर्यादेच्या वर असल्यामुळे हा प्रश्न उद्भवला नाही.

“मग हातात किती?”

तक्ता कितीही नेटका असला तरी पुढचा प्रश्न ठरलेला: “मॅडम, म्हणजे अठ्ठावन्न हजार येणार ना?” त्याचं उत्तर अ‍ॅनेक्शरमध्येच, पण मुख्य तक्त्याच्या बाहेर द्यावं. कपाती पॅकेजमध्ये मिसळल्या की दोन्ही बेरजा बिघडतात. पीएफचा कर्मचाऱ्याचा वाटा कंपनीच्या वाट्याएवढाच असला, तरी तो ग्रॉसमधून जातो. पॅकेजमध्ये तो आधीच मोजलेला आहे, दुसऱ्यांदा धरायचा नाही.

मासिक ग्रॉस ५४,४९०. त्यातून कर्मचाऱ्याचा पीएफ १,८०० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० गेला की ५२,४९०. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो, म्हणून त्या महिन्यात ५२,३९०. वर्षाचे ६,२९,७८०. नव्या करप्रणालीत ६,५३,८८० मधून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की ५,७८,८८० उरतात. बारा लाखांपर्यंतच्या सवलतीत ते बसतात, म्हणून दुसरं काही उत्पन्न नसेल तर यावर आयकर लागत नाही. कामगार कल्याण निधी लागू असेल तर जून आणि डिसेंबरच्या पगारातून किरकोळ रक्कम आणखी जाईल.

५८,३३३ ची अपेक्षा आणि ५२,४९० चा जमा झालेला पहिला पगार, यांतले जवळपास सहा हजार रुपये हे पहिल्या महिन्यातल्या बहुतेक कुरबुरींचं मूळ असतं. रुजू होण्याआधी हा परिच्छेद वाचलेला असेल तर तो फोन येत नाही.

तक्त्याखालच्या टिपा

टिपा चारच असाव्यात आणि साध्या भाषेत. पहिली पीएफची: १५,००० च्या मर्यादेवर की पूर्ण बेसिकवर. मर्यादा बदलून कंपनीचा वाटा वाढला तर वाढीव रक्कम पॅकेजमधून की कंपनीच्या खिशातून, हेही त्याच वाक्यात.

दुसरी ग्रॅच्युइटीची: ही रक्कम दरमहा किंवा दरवर्षी मिळत नाही, पात्रता पूर्ण झाल्यावर कायद्याप्रमाणे मिळते. साधारणपणे पाच वर्षं. ठरावीक मुदतीच्या करारावर नेमलेल्यांना नव्या संहितेत एक वर्ष. इथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपण तरतूद बेसिकवर काढली, पण संहितेत वेतनातून वगळायच्या रकमांची जी यादी आहे तिच्यात सरसकट दिला जाणारा स्पेशल अलाउन्स नाही. त्यामुळे प्रत्यक्ष देय रक्कम तक्त्यातल्या तरतुदीपेक्षा जास्त निघू शकते, आणि तेव्हा कायदा चालतो, तक्ता नाही. ‘तक्त्यातला आकडा अंतिम’ असं वाक्य टिपेत चुकूनही घालू नये.

तिसरी मेडिक्लेमची: हप्ता नूतनीकरणाला बदलेल, बदलाचा मासिक पगारावर परिणाम होईल की नाही. माझा सल्ला, ‘होणार नाही’ असंच लिहावं. हप्ता शंभर रुपयांनी वाढला म्हणून स्पेशल अलाउन्स आठ रुपयांनी कमी करणारी कंपनी पैशापेक्षा बोलणीच जास्त खाते.

चौथी टीप महिन्याच्या मधे रुजू होणाऱ्यांसाठी: तक्ता पूर्ण बारा महिन्यांचा आहे, पहिल्या महिन्याचा पगार हजर दिवसांच्या प्रमाणात. जॉइनिंग बोनस असेल तर तो पॅकेजच्या बाहेर, पत्रात वेगळ्या परिच्छेदात, किती महिन्यांत सोडल्यास परत करायचा त्या अटीसह.

पाठवण्याआधीचं शेवटचं काम एक्सेलवर करायचं नाही, तयार झालेल्या पीडीएफवर करायचं. पत्रातला आकडा, त्याखालचं ‘अक्षरी रुपये सात लाख फक्त’ आणि अ‍ॅनेक्शरची शेवटची ओळ हे तीन शेजारी ठेवून वाचावेत. जुन्या उमेदवाराच्या पत्रावरून नवं पत्र तयार करताना आकडे बदलले जातात, अक्षरी रक्कम मात्र साडेसहा लाखांचीच राहून जाते. मग कागदावरचेच वार्षिक आकडे कॅल्क्युलेटरवर मिळवावेत, उमेदवार मिळवेल तसेच, वरून खाली, मधल्या ठळक बेरजा सोडून.